फणीच्या दातांमधला नादकाटा

आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नादकाट्यांची एक जुनी लाकडी पेटी आहे. आत मखमलीच्या खाचांत आठ काटे, आणि प्रत्येकावर वारंवारतेचा आकडा ठोकलेला: २५६, २८८, ३२०, ३४१.३, ३८४, ४२६.६, ४८० आणि ५१२. गाणं शिकलेली मुलं ही पेटी लगेच ओळखतात. २५६ हा सा धरला तर त्याच्या दीडपट म्हणजे ३८४ हा पंचम, दुप्पट म्हणजे ५१२ हा तार सा. ३४१.३ सारखा अवघड आकडा येतो तो शुद्ध मध्यम सा च्या चार तृतीयांश पट असतो म्हणून.

पूर्वी या काट्यांची वारंवारता काढायची म्हणजे सोनोमीटरच्या तारेवर कागदाचा चिमुकला तुकडा ठेवायचा आणि तो उडून पडेपर्यंत तारेची लांबी कमीजास्त करत राहायचं. आता मुलं खिशातून फोन काढतात. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे (शोधताना phyphox असं टाइप करायचं). त्यातला ऑडिओ स्पेक्ट्रमचा प्रयोग उघडला, काटा रबराच्या ठोकळ्यावर मारून माइकजवळ धरला, की पडद्यावर एक उंच सुळका उभा राहतो आणि त्याची वारंवारता आकड्यात दिसते. प्रयोग दहा सेकंदांत संपतो. त्या आकड्याचा अर्थ लावायला मात्र आम्हाला त्या दिवशी अख्खं प्रॅक्टिकल लागलं.

झालं असं की एका गटाने ५१२ चा काटा घेतला. त्यांच्या फोनवर आकडा आला ५१५.६२५ हर्ट्झ. मुलं काळजीपूर्वक काम करणारी होती. एकाच रीडिंगवर विसंबायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नमुन्यांची संख्या बदलली. १०२४ नमुने घेतले, ५१५.६२५. २०४८ घेतले, ५१५.६२५. ४०९६ घेतले, पुन्हा ५१५.६२५. जर्नलात तिन्ही रीडिंग एकाखाली एक लिहून, सरासरी काढून, ०.७ टक्के त्रुटी मांडून ती माझ्याकडे आली.

"मॅडम, तिन्ही वेळा दशांशापर्यंत तोच आकडा आलाय. काट्यावरचा शिक्काच चुकीचा असणार."

त्यांचा तर्क वरवर बरोबर होता. मापन पुन्हा पुन्हा केलं आणि उत्तर तेच आलं तर त्यावर विश्वास ठेवावा, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं असतं. पण शेजारच्या टेबलावर दुसऱ्या गटाने दुसरं ॲप वापरून, तोच काटा उसना घेऊन ५१६.८ काढले होते. तेही ठाम होते. काटा एकच, खोली एकच, आणि दोन्ही गटांना आपापल्या आकड्यातली दशांश स्थळंसुद्धा खरी वाटत होती. म्हणून मी फोन बाजूला ठेवायला सांगितले आणि फोन आत काय करतो ते आम्ही फळ्यावर मांडलं.

फोनचा माइक आवाज सलग साठवत नाही. ठरावीक अंतराने हवेचा दाब किती आहे ते तो नोंदवतो. पहिल्या गटाच्या फोनवर ही नोंद सेकंदाला ४८,००० वेळा होत होती. अशा प्रत्येक नोंदीला नमुना म्हणायचं. सेटिंग्जमध्ये २०४८ नमुने निवडले याचा अर्थ फोन आवाजाचा फक्त २०४८ नोंदींचा तुकडा कापून घेतो. २०४८ ला ४८,००० ने भागलं की त्या तुकड्याची लांबी मिळते, ०.०४२७ सेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. त्या इवल्याशा तुकड्यावरून फोनला वारंवारता सांगायची असते.

ती तो कशी सांगतो? फास्ट फूरियर ट्रान्सफॉर्म ही गणिती रीत त्या तुकड्याला एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते: तुझ्यात बरोबर एक पूर्ण लाट बसते का? दोन बसतात का? तीन? एकवीस? बावीस? प्रत्येक प्रश्नाला उत्तर म्हणून एक उंची मिळते. या उंच्या ओळीने मांडल्या की स्पेक्ट्रम तयार होतो. प्रश्न मात्र पूर्ण लाटांचेच असतात. साडेएकवीस लाटा बसतात का, असं ही रीत विचारत नाही. त्यामुळे स्पेक्ट्रम म्हणजे वारंवारतेची अखंड पट्टी नसते, ती एक फणी असते. जिथे दात आहे तिथलंच उत्तर मिळतं. दोन दातांमधल्या फटीत काय आहे ते थेट दिसत नाही.

दातांमधलं अंतर काढणं सोपं आहे:

Δf = fs / N

fs म्हणजे सेकंदाला घेतलेले नमुने आणि N म्हणजे तुकड्यातले एकूण नमुने. ४८,००० भागिले २०४८ म्हणजे २३.४३७५ हर्ट्झ. फणीचे दात इतक्या अंतरावर आहेत. एकविसावा दात ४९२.१८७५ वर, बाविसावा ५१५.६२५ वर, आणि या दोघांच्या मध्ये काहीच नाही. ५१२ चा काटा ०.०४२७ सेकंदात २१.८५ लाटा पाठवतो. त्याला सगळ्यांत जवळचा दात बाविसावा, म्हणून सुळका तिथे उभा राहतो आणि ॲप त्या दाताचा पत्ता दाखवतं. म्हणजे ५१५.६२५ मधला .६२५ हा काट्याकडून आलेलाच नाही. तो ४८,००० ला २०४८ ने भागल्यामुळे आला. काटा ५०५ चा असता तरी आकडा हाच आला असता, आणि ५२५ चा असता तरी हाच.

दुसऱ्या गटाचं ॲप सेकंदाला ४४,१०० नमुने घेत होतं. त्यांच्या फणीचे दात २१.५३ हर्ट्झच्या अंतरावर होते आणि ५१२ च्या सर्वांत जवळचा दात होता चोविसावा, ५१६.८ वर. दोन्ही गटांनी एकाच काट्याला आपापल्या फणीचा जवळचा दात चिकटवला होता.

मग नमुन्यांची संख्या तीन वेळा बदलूनही आकडा का हलला नाही? या प्रश्नावर वर्ग सगळ्यांत जास्त वेळ अडला, आणि मला वाटतं सगळा प्रयोग इथेच आहे. नमुने दुप्पट केले की फणी दुप्पट दाट होते, पण जुने दात जागचे हलत नाहीत. प्रत्येक फटीच्या मधोमध फक्त एक नवा दात उगवतो. १०२४ नमुन्यांच्या फणीचा अकरावा दात ५१५.६२५ वर आहे. २०४८ मध्ये तोच बाविसावा होतो आणि ४०९६ मध्ये चव्वेचाळिसावा. नाव बदललं, जागा तीच. जोपर्यंत नवा उगवलेला एखादा दात ५१२ च्या जास्त जवळ येत नाही, तोपर्यंत सुळका जुन्याच दातावर बसून राहणार. २०४८ ला नवा दात आला तो ४९२ च्या आसपास, ४०९६ ला आला तो ५०३.९ वर. दोन्ही ५१५.६ पेक्षा लांब. म्हणून तीन रीडिंग तंतोतंत जुळली. ती तीन स्वतंत्र मापनं नव्हतीच. एकाच दाताकडे तिन्ही वेळा पाहिलं गेलं होतं.

मुलांना हे पटलं, पण आकडेमोडीने पटणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. म्हणून आम्ही मेण आणलं. हरभऱ्याच्या डाळीएवढा मेणाचा गोळा काट्याच्या एका भुजेच्या टोकाला चिकटवला. टोक जड झालं की भुजा थोडी सावकाश हलते आणि वारंवारता उतरते. किती उतरली ते कानाने ठरवता येतं. दुसऱ्या पेटीतला ५१२ चा काटा, मेण न लावलेला, त्याच्यासोबत वाजवला. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र आले की आवाज लहानमोठा होत राहतो. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा जुळवताना जी लाट ऐकू येते आणि तारा जुळल्या की विरून जाते, तीच ही. पुस्तकात हिला बीट्स म्हणतात. मुलांनी घड्याळ लावून मोजलं, पाच सेकंदांत वीस. म्हणजे सेकंदाला चार, आणि मेण लावलेला काटा ५०८ हर्ट्झवर आलेला.

आता त्या काट्याचं रीडिंग २०४८ नमुन्यांवर घेतलं. पडद्यावर ५१५.६२५. काटा चार हर्ट्झने उतरला, कानाला स्वच्छ कळलं, आणि फोनचा आकडा जागचा हलला नाही. मग ४०९६ वर घेतलं. या वेळी आकडा थेट ५०३.९ वर कोसळला. चार हर्ट्झच्या बदलाला फोनने एकदा शून्य म्हटलं आणि एकदा जवळजवळ बारा. वर्गात क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण काटा मोजतच नव्हतो, दात मोजत होतो."

इथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो: दात किती दाट हवेत आणि ते दाट करायला काय लागतं? वरच्या सूत्रात थोडी अदलाबदल केली की एक गोष्ट उघडी पडते. N भागिले fs म्हणजे तुकड्याची सेकंदांतली लांबी. म्हणून दातांमधलं अंतर हे एक भागिले तुकड्याची लांबी इतकं असतं. फोन महाग आहे की स्वस्त, माइक चांगला आहे की साधा, याचा त्यात संबंध येत नाही. सेकंदाला जास्त नमुने घेतल्यानेही दात दाट होत नाहीत, कारण तेवढेच नमुने मग कमी वेळात संपतात. आवाज किती वेळ ऐकला एवढ्यावरच सगळं ठरतं.

हे कानालाही लागू आहे. ५०८ आणि ५१२ हे दोन सूर वेगळे आहेत हे कळायला त्यांच्या आवाजाचं एक पूर्ण लहानमोठं होणं ऐकावं लागतं. सेकंदाला चार बीट्स, म्हणजे एका बीटला पाव सेकंद. पाव सेकंदाच्या आत हे दोन सूर एकमेकांपासून इतके कमी सरकलेले असतात की त्या तुकड्यावरून ते दोन आहेत असं खात्रीने सांगता येत नाही. फरक चार हर्ट्झचा असेल तर निदान पाव सेकंद ऐका, एका हर्ट्झचा असेल तर एक सेकंद ऐका, दशांश हर्ट्झचा असेल तर दहा सेकंद ऐका. रिझोल्यूशन म्हणजे विभेदन ते हेच. ०.०४२७ सेकंदाच्या तुकड्यात ५०८ आणि ५१२ कधीच वेगळे होणार नाहीत.

ही युक्ती फोनच्या कितीतरी आधी एका माणसाने पुरेपूर वापरली होती. योहान शायब्लर हा जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावचा रेशमाचा कारखानदार. त्याने ५६ नादकाट्यांचा संच बनवला आणि १८३४ मध्ये त्याबद्दल लिहिलं. प्रत्येक काटा आधीच्या काट्यापेक्षा सेकंदाला चार कंपनांनी वरचा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ५५ पायऱ्या, प्रत्येकी चार, म्हणजे एकूण २२० कंपनं. आणि शेवटचा काटा पहिल्याच्या बरोबर एक सप्तक वर, म्हणजे दुप्पट. दुप्पट होताना फरक २२० पडत असेल तर पहिला काटा २२० चाच हवा आणि शेवटचा ४४० चा. बीट्स मोजणं, बेरीज करणं, एवढ्यावर त्याने वारंवारता काढली. कुठलंही यंत्र मध्ये नाही, कान आणि घड्याळ. त्याची सगळी अचूकता त्याने बीट्स किती वेळ मोजल्या यातून आलेली होती. आमच्या मुलांनी पाच सेकंद मोजल्या. त्यांनी वीस सेकंद मोजल्या असत्या तर चार की ४.१ हेही ठरवता आलं असतं.

आता फोनलाही जास्त वेळ ऐकवलं. आधी एकटा मेणविरहित काटा. ८१९२ नमुन्यांवर आकडा ५०९.८ आला, कारण नवा दात अखेर ५१२ च्या जवळ उगवला. १६,३८४ वर ५१२.७. ३२,७६८ वर पुन्हा ५१२.७. या वेळी दोन रीडिंग जुळल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलांनी लगेच नवा दात कुठे आला ते वहीत काढून पाहिलं. तो ५११.२ वर होता, ५१२ पासून जरासाच जास्त लांब. मग काट्याचं लांब रेकॉर्डिंग करून ती फाइल संगणकावर घेतली आणि ६५,५३६ नमुन्यांचा, म्हणजे १.३७ सेकंदांचा तुकडा तपासला. दातांमधलं अंतर ०.७३ हर्ट्झ, आणि आकडा आला ५११.९६.

मग दोन्ही काटे एकत्र, मेणाचा आणि बिनमेणाचा. २०४८ नमुन्यांवर एकच रुंद सुळका. फक्त पडदा पुन्हा पुन्हा ताजा होत असताना तो सुळका सेकंदाला चार वेळा खालीवर होत होता. फोन बीट्स दाखवत होता, पण दोन सूर दाखवू शकत नव्हता. १६,३८४ वर दात २.९ हर्ट्झच्या अंतरावर होते, दोन सुरांमध्ये जेमतेम सव्वा-दीड दात, आणि सुळक्याला खांदा फुटल्यासारखं दिसत होतं. हे दोन सूर की एकच, यावर मुलांचं एकमत होईना. ३२,७६८ वर, पाऊण सेकंदाच्या आतबाहेर, दोन सुळके स्पष्ट झाले, एक ५०८.३ जवळ, एक ५१२ च्या वर, आणि मध्ये खळगा. जुळे सूर वेगळे दिसायला दोघांमध्ये निदान एक दात मोकळा असावा लागतो, हा व्यवहारातला नियम तिथे समोरच दिसला.

इथे एका गैरसमजाची वाट बंद करायला हवी. काही ॲप्समध्ये स्पेक्ट्रमची रेघ फार गुळगुळीत दिसते, जणू फणी नाहीच. पुष्कळदा नमुन्यांच्या तुकड्यापुढे शून्यं जोडून ती रेघ काढलेली असते. शून्यं जोडली की दात दाट दिसतात, पण आवाज जास्त वेळ ऐकलेला नसतो. त्या दोन काट्यांचा २०४८ नमुन्यांचा तुकडा घेऊन पुढे कितीही शून्यं लावली तरी एकच गुळगुळीत टेकडी मिळेल, दोन कधीच नाही. म्हणून ॲप काय दाखवतं त्यापेक्षा त्याने प्रत्यक्षात किती सेकंद आवाज घेतला ते आधी विचारावं.

पण एक सूर एकटाच असेल तर गोष्ट वेगळी होते, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडतो. दोन सूर वेगळे करणं आणि एका सुराची जागा ठरवणं ही दोन कामं आहेत. पहिल्याला वेळच लागतो. दुसऱ्यासाठी छोट्या तुकड्यातही बरीच माहिती पडून असते, फक्त ती उंच दाताच्या आकड्यात नसते. त्याच्या शेजाऱ्यात असते.

आम्ही परत २०४८ नमुन्यांच्या त्या पहिल्या स्पेक्ट्रमकडे गेलो. बाविसाव्या दाताची उंची १०० धरली तर एकविसाव्याची साधारण १८ होती. सूर दोन दातांच्या फटीत कुठेतरी असला की त्याची उंची दोन्ही दातांवर वाटली जाते. ज्या दाताच्या जवळ, त्याला जास्त वाटा. तुकड्याच्या कडा मऊ केलेल्या नसतील आणि उभा अक्ष साध्या आयामाचा असेल, तर हिशेब अगदी सोपा आहे. लहान उंचीला दोन्ही उंच्यांच्या बेरजेने भागायचं: १८ भागिले ११८, म्हणजे ०.१५३ च्या आसपास. याचा अर्थ सूर बाविसाव्या दाताच्या ०.१५३ दातभर खाली आहे. एका दाताचं अंतर २३.४४, त्याचे ०.१५३ म्हणजे ३.६ हर्ट्झ. ५१५.६ मधून ३.६ वजा केले की ५१२. जो तुकडा निरुपयोगी वाटत होता त्याच तुकड्यातून काट्यावरचा शिक्का बाहेर आला.

मेण लावल्यावर आकडा हलला नव्हता, आठवा. त्या वेळी शेजारचा दात मात्र हलला होता. तो १८ वरून ४८ वर चढला होता. ४८ भागिले १४८ म्हणजे ०.३२, गुणिले २३.४४ म्हणजे साडेसात-पावणेआठ, आणि ५१५.६ वजा तेवढे म्हणजे ५०८. कानाने मोजलेल्या बीट्सनी जे सांगितलं तेच. बदल पडद्यावरच होता, मुलांची नजर फक्त शिखराच्या आकड्यावर होती.

या हिशेबाच्या अटी मात्र कडक आहेत. अक्ष डेसिबलमध्ये असेल तर तो चालत नाही. ॲपने तुकड्याच्या दोन्ही कडा गणिताने निमुळत्या केल्या असतील (बरीच ॲप्स करतात, कारण त्याने लांबच्या दातांवर सांडणारी उंची कमी होते) तर शेजाऱ्यांचे वाटे बदलतात आणि दुसरं सूत्र लागतं. आणि दोन सूर एकत्र असतील तर हा हिशेब सरळ खोटं बोलतो, तो दोघांच्या मधला कुठलातरी एकच आकडा आत्मविश्वासाने काढून देतो.

मग कुणीतरी विचारलंच: वेळच पाहिजे तर मिनिटभर का रेकॉर्ड करू नये? कारण काटा मिनिटभर सारखा वाजत नाही. त्याचा दांडा टेबलावर टेकवला की आवाज मोठा होतो, पण टेबल त्याची ऊर्जा पटकन ओढून घेतं आणि सूर लवकर विरतो. हातात धरून वाजवला तर आवाज बारीक, पण तो जास्त वेळ टिकतो. विरणाऱ्या सुराला स्वतःचीच थोडी रुंदी असते. आवाज एका सेकंदात एक तृतीयांशावर येत असेल तर सुळका साधारण तृतीयांश हर्ट्झ रुंद होतो, आणि त्यापुढे रेकॉर्डिंग लांबवून हाती गोंगाटच लागतो. आम्हाला सगळ्यांत सोयीचं पडलं ते असं: काटा हातात, भुजेची रुंद बाजू फोनच्या खालच्या कडेवरच्या माइककडे, दोन बोटांच्या अंतरावर. काटा दांड्याभोवती फिरवला तर एका फेरीत चार ठिकाणी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तिथे धरला तर कितीही चांगला फोन असो, रीडिंग येणार नाही. आणि हात स्थिर हवा. अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने काटा फोनकडे नेला तर डॉप्लर परिणामानेच ०.७ हर्ट्झ चढतात, म्हणजे आमच्या सर्वांत दाट फणीचा एक अख्खा दात.

स्पेक्ट्रममध्ये नको ते सुळके दिसले तर तेही ओळखता येतात. काटा लाकडी टेबलाच्या कडेवर आपटला की साधारण सव्वासहा पट वारंवारतेला, म्हणजे ३२०० च्या आसपास, एक टणक सूर उमटतो. तो भुजांच्या दुसऱ्या प्रकारच्या कंपनाचा, आणि क्षणात विरतो. रबरावर मारलं तर जवळजवळ येतच नाही. १५३६ वर, म्हणजे बरोबर तिप्पट ठिकाणी सुळका आला तर बहुधा काटा माइकच्या फार जवळ आहे आणि लाटांचे माथे छाटले जात आहेत. काटा थोडा लांब नेला की तो नाहीसा होतो. आणि सूर नीट ऐकू येत असताना सुळका हळूहळू बुडत चालला, तर फोनची आवाज गाळण्याची सोय एकसुरी नादाला पंख्याचा गोंगाट समजून दाबते आहे. ती बंद करावी, किंवा दुसरा फोन घ्यावा.

जर्नलात शेवटी काय लिहायचं यावरही थोडी चर्चा झाली. ५१५.६२५ लिहिणाऱ्या गटाने तो आकडा खोडला नाही, मीही खोडू दिला नाही. त्यांनी तो ५१६ ± १२ असा केला, कारण दाताच्या दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी फट अनिश्चित आहे. त्या हिशेबात ५१२ आरामात बसतो, आणि ०.७ टक्के त्रुटीचा प्रश्नच उरत नाही. खाली त्यांनी ६५,५३६ चं रीडिंग लिहिलं: ५११.९६ ± ०.३७, म्हणजे खरं तर ५१२.० ± ०.४.

हे रीडिंग जानेवारीतल्या सकाळचं. मे महिन्यात, सुट्टीतल्या जादा तासाला, त्याच काट्याचं त्याच पद्धतीने रीडिंग घेतलं तर ५११.२३ आलं, बरोबर एक दात खाली. पोलाद तापलं की किंचित लवचीक होतं आणि काट्याची वारंवारता दर अंशाला साधारण दहा हजारात एका भागाने उतरते. ५१२ च्या काट्याला ते अंशामागे सुमारे ०.०६ हर्ट्झ होतं, आणि खोली दहा-बारा अंशांनी तापली होती. हिशेब जुळतो, पण एका दाताचा फरक म्हणजे फणीच्या मर्यादेवरच आहे, त्यावरून ठाम सांगता येत नाही. म्हणून मुलांनी एक काटा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं ठरवलं आहे, दुसरा बाहेर, आणि दोन्ही एकत्र वाजवून बीट्स मोजायच्या. पंचवीस अंशांचा फरक मिळाला तर तीन सेकंदांत साधारण चार बीट्स यायला हव्यात. काटा हातात गरम होण्याआधी मोजायला हवं, म्हणून दांड्याला कापड गुंडाळायचं ठरलंय.